लेसमधले छिद्र: शँटिली, गिप्यूर आणि आयलेट

लेसच्या कापडातले छिद्र तीन रीतींनी तयार होते. पहिल्या रीतीत धागे एकमेकांभोवती पिळतानाच त्यांच्यामध्ये छिद्र राखले जाते. दुसऱ्या रीतीत आधी एका आधारकापडावर भरतकाम करतात आणि मग ते कापड विरघळवून टाकतात, म्हणजे भरतकाम उरते आणि बाकीची जागा मोकळी होते. तिसऱ्या रीतीत विणून तयार असलेल्या सुती कापडाला भोक पाडून त्याच्या कडा धाग्याने बांधून घेतात. शँटिली ही पहिल्या रीतीची लेस, गिप्यूर दुसऱ्या आणि आयलेट तिसऱ्या. दुकानात या तिन्ही एकाच कपाटात असतात आणि तिघींनाही लेसच म्हणतात. पण त्यांचे वजन, अंगावर पडण्याची तऱ्हा, कापण्याची आणि शिवण्याची रीत अगदी वेगवेगळी आहे, आणि या वेगळेपणाचे मूळ छिद्राच्या जन्मात आहे.

शँटिली हे पॅरिसच्या उत्तरेकडच्या एका गावाचे नाव. सतराव्या शतकापासून त्या परिसरात बायका उशीवर टाचण्या टोचून आणि बॉबिनवरचे धागे एकमेकांभोवती फिरवून लेस करत. पुढे एकोणिसाव्या शतकात या कामाची मोठी केंद्रे नॉर्मंडीतली बायो आणि कां ही शहरे झाली, बेल्जियममध्येही ती होऊ लागली, पण नाव शँटिलीचेच राहिले. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, म्हणजे 1850 ते 1870 या सुमारास, रुंद घेराच्या झग्यांवर काळ्या शँटिलीची मोठी त्रिकोणी शाल घेण्याची टूम होती. एवढी मोठी शाल एकीने करायची तर वर्षे लागली असती. म्हणून ती अरुंद पट्ट्यांमध्ये अनेकजणींकडून करून घेत आणि नंतर जाळीच्या टाक्यांसारखेच टाके घालून पट्ट्या जोडत. हा जोड डोळ्यांना सापडत नाही. त्या काळच्या बऱ्याच काळ्या शाली आता हात लावला तरी फाटतात. रेशीम काळे करण्यासाठी वापरलेले लोहयुक्त रंग वर्षानुवर्षे धागा आतून पोखरत राहतात, हे त्याचे कारण.

खऱ्या शँटिलीची बांधणी भिंगाखाली स्पष्ट दिसते. पार्श्वभूमीला बारीक षट्कोनी जाळी असते आणि तिची सगळी घरे जवळजवळ सारखी असतात. फुले आणि पाने या जाळीवर वेगळी चिकटवलेली नसतात, जाळीचेच धागे तिथे दाट होतात. पाकळी पूर्ण भरीव नसते. तिच्यात धागे तिरपे, विरळ जाळीसारखे पसरलेले असतात आणि त्यामुळे पाकळीवर फिकी सावली पडल्यासारखी दिसते. या सावलीला कड मिळावी म्हणून प्रत्येक पाकळीभोवती आणि पानाच्या शिरांवरून एक जाडसर, कमी पिळाचा धागा फिरवलेला असतो. शँटिली ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण हाच धागा. बोट फिरवले तर नक्षीच्या कडेला किंचित उंचवटा लागतो, बाकी सगळी लेस सपाट असते.

आज हाताने केलेली शँटिली संग्रहालयात किंवा फार थोड्या कारागिरांकडेच दिसते. कपड्यांसाठी येते ती यंत्रावरची. 1809 मध्ये जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने जाळी पिळणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1813 मध्ये नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सने त्यात सुधारणा केली. पुढे त्याला जाकार्डची, म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी चालवण्याची, जोड मिळाली आणि उशीवरची लेस यंत्रावर जवळजवळ हुबेहूब उतरू लागली. इंग्लंडमधून ही यंत्रे बाहेर नेण्यास बंदी होती, तरी ती चोरून कॅलेला पोहोचली. फ्रान्समधल्या कॅले आणि कोद्री या गावांत अजूनही लीव्हर्स यंत्रांवर लेस निघते. ही यंत्रे अवाढव्य आहेत आणि त्यांच्यावर हजारो धागे एकाच वेळी चालतात. एक धागा तुटला तरी नक्षीत रेघ उमटते, म्हणून विणून झालेली लेस बायका उजेडात ताणून पाहतात आणि तुटलेली घरे हाताने सांधतात. ही लेस महाग का पडते, हे त्या सांधणीच्या टेबलापाशी उभे राहिले की कळते.

बाजारात स्वस्तात मिळणारी शँटिली मात्र पिळलेली नसते, ती राशेल नावाच्या विणकाम यंत्रावर निघते. तिच्यात नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे धागे स्वेटरसारखे एकमेकांत गुंतवलेले असतात. भिंगातून पाहिले तर जाळीच्या उभ्या रेषा साखळीटाक्यासारख्या दिसतात. लीव्हर्सच्या जाळीत धागे फक्त एकमेकांभोवती पिळलेले असतात, साखळी कुठेच नसते. राशेलमध्ये नक्षीची कडही सहसा ठळक नसते, जाड धागा असला तर मागच्या बाजूला सैल लोंबतो. राशेल वाईट असते असे नाही. ती ताण सहन करते, धुतली तरी टिकते आणि रोजच्या कपड्यांना तीच बरी. पण तिचे पैसे राशेलचेच द्यायला हवेत.

छिद्रे बारीक आणि सगळीकडे सारखी असल्यामुळे शँटिली अंगावर पातळ आवरणासारखी पडते, तिला स्वतःचा ताठरपणा नसतो. म्हणून बाही, खांदा, पाठ, बुरखा किंवा झग्यावरचा वरचा थर अशा जागी ती शोभते. तिच्याखाली त्वचेच्या रंगाची मऊ जाळी किंवा रंगीत रेशमी अस्तर लावतात आणि त्या रंगावर लेसचे रूप ठरते. पांढऱ्या शँटिलीखाली पांढरेच अस्तर घातले तर नक्षी बुडून जाते. थोडे बिस्किटी किंवा गुलाबीसर घातले तर प्रत्येक पाकळी वर येते.

कमरेचा कसलेला भाग नुसत्या शँटिलीचा करू नये. शिवण ओढली गेली की तिच्या शेजारची घरे लांबट होतात आणि एकदा लांबलेले घर परत गोल होत नाही. कपडा अंगावर घालून बसल्यावर शिवणीच्या दोन्ही बाजूंना उभ्या फटींसारखी रांग दिसू लागली, तर त्या जागी लेसवर ताण आला आहे असे समजावे. आतल्या अस्तराने ताण घ्यावा आणि लेस त्याच्यावर सैल राहावी, एवढी काळजी घेतली तर ही अडचण येत नाही.

शँटिली शिवण्याची खरी कसोटी शिवणीतच असते. दोन तुकडे साध्या शिवणीने जोडले की नक्षी मध्येच कापली जाते आणि आतले मार्जिन जाळीतून गडद पट्ट्यासारखे दिसते. त्याऐवजी एक तुकडा दुसऱ्यावर चढवून जोडतात. दोन्ही तुकड्यांवर शिवणीची रेषा वेगळ्या रंगाच्या धाग्याने कच्च्या टाक्यांनी आखून घ्यायची. वरच्या तुकड्यात रेषेवर जी फुले येतात ती अर्धी कापायची नाहीत. त्यांच्या बाहेरच्या जाड धाग्याच्या कडेकडेने कात्री फिरवायची, म्हणजे तुकड्याची कड सरळ न राहता फुलांच्या आकाराने नागमोडी होते. खालच्या तुकड्याला रेषेच्या पुढे चांगले दोन-तीन सेंटीमीटर मार्जिन ठेवायचे. मग दोन्ही रेषा एकमेकांवर आणून टाचायच्या, वरच्या फुलांच्या कडेवरून अगदी बारीक तिरके टाके घालायचे आणि शेवटी खालचे जास्तीचे कापड टाक्यापर्यंत छाटून टाकायचे. नीट झालेली अशी शिवण हातभर अंतरावरूनही सापडत नाही. यंत्रावर करायची असेल तर बारीक सुई आणि अरुंद झिगझॅग घ्यावा. लेसखाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर तो फाडून काढावा, नाहीतर यंत्राचे दात जाळी आत ओढून घेतात.

फुले कडेने कापून दुसऱ्या जागी बसवण्याचे हेच काम 29 एप्रिल 2011 रोजी लंडनमध्ये झालेल्या राजघराण्यातल्या लग्नाच्या झग्यात फार मोठ्या प्रमाणावर झाले. केट मिडल्टन यांचा हा झगा सॅरा बर्टन यांनी अलेक्झांडर मॅक्वीनसाठी रेखला होता. त्यासाठी फ्रेंच शँटिली आणि इंग्लिश क्लूनी या लेसमधली फुले एकेक करून कापली गेली आणि रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या कारागिरांनी ती रेशमी जाळीवर हाताने बसवली. लेसवर डाग पडू नये म्हणून त्या दर अर्ध्या तासाला हात धूत आणि सुई टोकदार राहावी म्हणून दर तीन तासांनी नवी सुई घेत, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले होते. फुले जाळीत वेगळी बसवल्यामुळे ती पाहिजे तिथे पाहिजे त्या आकाराने मांडता आली, एकाच अखंड लेसमध्ये हे शक्य झाले नसते.

गिप्यूरमध्ये जाळी नसतेच. भरीव फुले, पाने आणि वेलबुट्ट्या धाग्याच्या छोट्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेल्या असतात आणि दांड्यांच्या मध्ये मोठी, वेगवेगळ्या आकाराची छिद्रे राहतात. काही छिद्रे बोटाच्या नखाएवढी असतात, काही त्याहून मोठी. नक्षी उठावदार आणि जाड असते, कापड वजनदार आणि ताठ लागते. हातात उभे धरले तर शँटिली लगेच ढासळते, गिप्यूर थोडा वेळ तरी उभी राहते. हे नाव आधी दांड्यांनी जोडलेल्या अनेक जुन्या हातलेसींना लावले जाई, त्यांत व्हेनिसच्या सुईलेसचाही समावेश होता. आज कापडाच्या दुकानात गिप्यूर म्हटले की यंत्रावर भरलेली आणि रसायनाने मोकळी केलेली लेसच समजावी.

या लेसच्या मागे स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन भागातले यंत्र आहे. 1863 मध्ये इझाक ग्रोब्ली याने असे भरतकाम यंत्र तयार केले, ज्यात पुढून सुईचा धागा आणि मागून होडीच्या आकाराच्या शटलमधला धागा एकमेकांत अडकतात. शिवणयंत्रावर वरचा धागा आणि बॉबिनचा धागा अडकतात तसेच हे, फरक इतकाच की इथे शेकडो सुया एका रांगेत एकाच वेळी चालतात. सुया जागा सोडत नाहीत. चौकटीवर ताणलेले कापडच वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकते. सुरुवातीला एक कारागीर सहापट मोठ्या काढलेल्या चित्रावरून दांड्याचे टोक टाक्यागणिक फिरवत असे आणि चौकट त्याच्या सहाव्या हिश्शाने हलत असे. 1898 मध्ये ग्रोब्लीच्या मुलाने हे काम भोकांच्या पट्टीवर सोपवले आणि आज ते संगणक करतो. या यंत्राला शिफ्ली म्हणतात. सुरतेतही शिफ्लीचे कारखाने आहेत.

शिफ्लीवर भरलेले कापड साधे भरतकामच असते, त्याची लेस होते ती पुढच्या पायरीवर. 1880च्या दशकात सेंट गॅलन आणि जर्मनीतल्या प्लाउएन इथे सुती धाग्याने रेशमी कापडावर भरून ते कापड तीव्र अल्कलीत विरघळवण्याची रीत रुळली. अल्कली रेशीम खाते, पण सुताला फारसे इजा करत नाही, या एका गोष्टीवर सगळे चालत होते. त्यामुळे व्हेनिसची सुईलेस आणि आयर्लंडची क्रोशे लेस यांच्या नकला फार कमी किमतीत निघू लागल्या. आता आधार म्हणून पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे कापड वापरतात. गरम पाण्यात ते निघून जाते आणि भरतकाम तेवढे हाती राहते.

आधाराचे कापड नाहीसे होणार असल्यामुळे नक्षी काढणाऱ्याला एक गोष्ट कधीच विसरता येत नाही, ती म्हणजे प्रत्येक फूल कशाला तरी जोडलेले असलेच पाहिजे. साध्या भरतकामात एकटे फूल मोकळ्या जागेत चालते, इथे ते धुण्याच्या हौदात सुटून जाईल. शिवाय फुलाच्या आतले टाकेही एकमेकांना आडवे-तिडवे बांधलेले असावे लागतात. आधी आतून जाळीसारखे टाके घालतात आणि मग त्यावर दाट भरण करतात. ही आतली बांधणी वाचवली की स्वस्त गिप्यूर तयार होते. ती ओळखायची तर दोन बोटांत एक फूल धरून हलकेच ताणावे. चांगल्या लेसमध्ये फूल एकसंध हलते, कमी टाक्यांच्या लेसमध्ये भरणाचे धागे सुटे होऊन त्यांच्यात फट पडते. दुसरा दोष धुण्यात राहतो. विरघळणारे कापड पूर्ण निघाले नसेल, तर लेस हाताला खळ घातल्यासारखी कडक लागते आणि ओल्या बोटाला किंचित चिकटते. असा तुकडा कोमट पाण्यात दोन-तीनदा खळबळून घेतला की मऊ होतो. तरीही ताठ राहिला तर तो ताठरपणा जाड धाग्याचाच आहे.

गिप्यूरची शिवण शँटिलीपेक्षा सोपी आणि एका बाबतीत अवघडही असते. फुलांची कड टाक्यांनी बांधलेली असल्यामुळे कापलेली लेस उसवत नाही. म्हणून तुकडे जोडताना दांड्या कापायच्या, फुले अखंड ठेवायची आणि दोन्ही तुकड्यांतली फुले कडेला कड लावून किंवा थोडी एकमेकांवर चढवून हाताने टाचायची. कापलेल्या दांडीचे टोक मात्र लगेच दोन टाक्यांनी बांधावे, तिथूनच धागा ओढला जाण्याची भीती असते. अवघड भाग जाडीचा आहे. साध्या शिवणीत चार थर एकत्र आले तर कडा उभ्या राहतात, आणि इस्त्री फिरवून त्या बसवायला गेले तर उठाव चेपला जातो. गिप्यूरला इस्त्री जाड टॉवेलवर उलटी ठेवूनच करावी. स्वतःचा आकार धरून ठेवत असल्यामुळे ती सरळ कापाचा झगा, कोटासारखा वरचा अंगरखा, ब्लाउजची पाठ, कॉलर अशा जागी चांगली दिसते. चुण्या आणि मोठा घेर तिला सोसत नाही. गळ्याभोवती लावायची तर कापलेल्या कडा मानेला टोचतात, तिथे आतून मऊ पट्टी घालून घेणे बरे.

आयलेट हे काटेकोरपणे पाहिले तर लेस नव्हे, छिद्रांचे भरतकाम आहे. आधी सुती कापड असते, बहुतेक वेळा मऊ मलमलीपेक्षा थोडे घट्ट विणीचे. त्याला गोल किंवा पाकळीच्या आकाराची भोके पाडून कडा दाट टाक्यांनी बांधतात. हाताने करताना आधी भोकाच्या कडेने एक धागा ओवून घेत, मग टोकदार सळईने भोक पाडून कापडाचे धागे बाजूला सारत आणि त्यांच्यासकट कडेवर टाके घालत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ते इतके रूढ होते की त्याला अजूनही इंग्लिश भरतकाम म्हणतात. मुलांचे कपडे आणि बायकांचे आतले कपडे ही त्याची मुख्य जागा होती, कारण ते वारंवार उकळून धुता येई आणि शँटिली तसे धुणे सोसू शकत नव्हती. 1959 मध्ये ब्रिजित बार्दोने लग्नात घातलेला गुलाबी चौकड्यांचा साधा सुती झगा या भरतकामाच्या किनारीने सजवलेला होता आणि त्यानंतर ही किनार तरुण मुलींच्या उन्हाळी कपड्यांवरही आली. शिफ्ली यंत्र हेच काम भोक पाडणाऱ्या सळईने करते. महाराष्ट्रात हे कापड हाकोबा या नावाने घरोघर ओळखीचे आहे. मुळात तो एका व्यापारी छापाचा शब्द आहे. लहान मुलींचे फ्रॉक, पांढरे कुडते आणि उन्हाळ्यातले ब्लाउज यांत ते वर्षानुवर्षे वापरले जाते.

तिन्हींमध्ये हे सगळ्यात कमी उघडे कापड. त्याचा मोठा भाग भरीव राहतो आणि भोके तुलनेने थोडी असतात, म्हणून ते घाम शोषते, नेहमीच्या सुती कापडासारखे शिवता येते आणि त्याच्या शिवणी साध्या यंत्रावर होतात. तरी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. शिवणीची रेषा भोकावरून गेली तर टाके रिकाम्या जागेत पडतात आणि तिथे शिवण फाटते. शक्य असेल तर पॅटर्न थोडा सरकवावा, नाहीतर त्या जागी मागून मलमलीचा छोटा तुकडा लावून शिवावे. दुसरी गोष्ट आटण्याची. सुती कापड धुतल्यावर आटते आणि भरतकामाचा धागा पॉलिएस्टरचा असला तर तो आटत नाही. मग प्रत्येक फुलाभोवती कापड चुणते आणि इस्त्रीनेही सरळ होत नाही. म्हणून हाकोबा कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा.

हाकोब्याची नागमोडी भरलेली किनार पन्ह्याच्या एका कडेला, उभ्या धाग्याच्या दिशेने असते. ती फ्रॉकच्या खालच्या काठाला आणायची तर कापड आडवे वापरावे लागते. समजा, पन्हा 110 सेंटीमीटर आहे आणि फ्रॉकच्या घागऱ्याची उंची 45 सेंटीमीटर, घेर दोन मीटर हवा आहे. खाली किनारच असल्यामुळे दुमड लागत नाही, वर कमरेच्या शिवणीला 2 सेंटीमीटर धरले की उंची 47 होते. घेर दोन मीटर आणि शिवणीचे मार्जिन मिळून किनारीच्या दिशेने 2 मीटर 5 सेंटीमीटर कापड लागते. या लांबीवर पन्ह्याच्या उरलेल्या 63 सेंटीमीटरमध्ये वरचा भाग आणि बाह्या बसतात. म्हणजे सगळा फ्रॉक सव्वादोन मीटरच्या आत होतो. उभे कापले तर घागऱ्याचे दोन तुकडे जोडूनही किनार खाली येत नाही, ती वेगळी काढून लावावी लागते आणि तिच्या जोडावर आडवी शिवण दिसते. घेताना भोकांच्या कडांवरून नख फिरवावे. चांगल्या कामात कड गुळगुळीत लागते. आतल्या कापडाचे सुटे तंतू कडेतून डोकावत असतील, तर टाके विरळ आहेत आणि चार-पाच धुण्यांत ती भोके वाढू लागतील.